नाणेफेकीपूर्वीचा कागद

सेलू तालुक्यातील वालूरसारख्या गावात बॉक्स क्रिकेटसाठी फार मोठे मैदान लागत नाही. एखादा मोकळा प्लॉट मिळावा, त्याच्या कडेने बांबू रोवून नायलॉनची जाळी ताणावी, चार दिवे लावावेत, टेनिसचा चेंडू आणावा, की स्पर्धेची तयारी झाली असे मुलांना वाटते. जाळी भाड्याने मिळते, दिवे मिळतात, चषकही कोणीतरी देतो. राहून जातो तो नियमांचा कागद. ‘नियम सगळ्यांना ठाऊकच आहेत’ या समजुतीवर पहिले दोन दिवस निघून जातात आणि तिसऱ्या दिवशी, शेवटच्या चेंडूवर, प्रत्येकाला ठाऊक असलेले नियम निरनिराळे होते हे उघडकीस येते.

ज्या घरांत भागीदारीपत्राशिवाय दुकानाची फळी उघडली जात नाही, त्या घरांतील मुलांना ही गोष्ट समजावणे कठीण जाऊ नये. भागीदारीपत्र नफ्याच्या दिवसासाठी लिहिलेले नसते; ते मतभेदाच्या दिवसासाठी असते. स्पर्धेच्या नियमांचेही तसेच आहे. म्हणून नियम लिहिणाऱ्याने प्रत्येक वाक्यापुढे ‘आणि असे झाले तर?’ हा प्रश्न ठेवावा.

षटकांची संख्या ठरवताना उत्साहापेक्षा घड्याळ पाहावे. आठ संघांचे चार-चारचे दोन गट केले आणि गटातील प्रत्येक संघ इतर तिघांशी खेळला, तर प्रत्येक गटात सहा, म्हणजे एकूण बारा सामने होतात. दोन उपांत्य आणि एक अंतिम धरून पंधरा. टेनिस चेंडूच्या खेळात, चेंडू शोधून आणण्याचा वेळ धरून, एका षटकाला चार ते पाच मिनिटे लागतात. पाच षटकांचा एक डाव म्हटला तरी सामना पाऊण तासाचा होतो आणि नाणेफेक व बाजू बदलणे यांसह एक तासाचा धरावा लागतो. सूर्यास्तापूर्वी जेवण आटोपणाऱ्या घरांना साडेसातला आरंभ सोयीचा पडतो; साडेदहाला दिवे बंद करायचे ठरवले तर एका रात्री तीनच सामने होतात. पंधरा सामन्यांना पाच रात्री हव्यात. शनिवार-रविवारीच खेळायचे असेल तर गटपद्धती सोडून बाद पद्धत घ्यावी. तीत आठ संघांचे सातच सामने होतात, पण निम्मे संघ एकदाच खेळून घरी जातात. दहा षटकांचा आग्रह धरणाऱ्यास हा हिशेब दाखवला म्हणजे पुरे.

संघात सहा खेळाडू ठेवायचे तर हाँगकाँग सिक्सेस या १९९२ साली सुरू झालेल्या स्पर्धेचा जुना नमुना हाताशी आहे. सहा खेळाडू, पाच षटके, आणि यष्टिरक्षक सोडून उरलेल्या पाचही जणांनी एकेक षटक टाकायचे. गल्लीच्या खेळात या तरतुदीचा फायदा मोठा आहे, कारण एकच जोरकस गोलंदाज सामना खिशात घालत नाही आणि लहान मुलालाही चेंडू मिळतो. पाच गडी बाद झाल्यावर उरलेल्या एकट्याचे काय, याचे उत्तरही त्या नमुन्यात आहे: शेवटचा फलंदाज खेळत राहतो आणि पाचवा बाद झालेला फलंदाज त्याच्यासाठी दुसऱ्या टोकाला केवळ धावण्यापुरता उभा राहतो. वालूरच्या कागदात हे तसेच घ्यावे किंवा पाच बाद म्हणजे डाव संपला असे लिहावे. दोन्ही चालतील, मात्र दोहोंपैकी एक लिहिलेले हवे. वाइड चेंडूबाबतही तेच. दर वाइडला एक धाव आणि पुन्हा चेंडू असे ठेवले तर नवख्या मुलाचे षटक संपता संपत नाही. दोन धावा द्याव्यात आणि तो चेंडू षटकात मोजावा. केवळ डावाच्या शेवटच्या षटकात तो पुन्हा टाकला जावा, नाहीतर शेवटच्या चेंडूवर मुद्दाम वाइड टाकून फलंदाजाला फटक्याची संधीच नाकारता येते.

वीज गेली तर? हा प्रश्न आपल्याकडे पावसापेक्षा जवळचा आहे. २२ मार्च १९९२ रोजी सिडनीत विश्वचषकाच्या उपांत्य सामन्यात दक्षिण आफ्रिकेला १३ चेंडूंत २२ धावा हव्या असताना पाऊस आला. खेळ पुन्हा सुरू झाला तेव्हा नियमाप्रमाणे उरला एक चेंडू आणि हव्या होत्या २१ धावा. नियम लिहिलेला होता, पण पहिल्या संघाची सर्वांत कमी धावांची षटके वगळायची ही त्यातील तरतूद प्रत्यक्षात काय घडवील, हे कोणी आकडे घालून तपासले नव्हते. गल्लीच्या स्पर्धेला इतका गुंता नकोच. दहा मिनिटे वाट पाहावी. दुसऱ्या डावाची तीन षटके पूर्ण झालेली असतील तर दोन्ही संघांच्या तीन षटकांअखेरच्या धावा ताडून निकाल द्यावा. तीन षटके झाली नसतील तर सामना दुसऱ्या दिवशी पहिल्या चेंडूपासून खेळावा. यात किती गडी बाद झाले ते मोजले जात नाही, हा दोष खरा. तरी नियम एका दमात सांगता येतो आणि गुणलेखकाच्या वहीवरून कोणालाही पडताळता येतो. त्यासाठी प्रत्येक षटकाअखेरची बेरीज वहीत लिहिणे मात्र सक्तीचे करावे.

आता सीमारेषेकडे. बॉक्स क्रिकेटमधील निम्म्याहून अधिक वाद येथे होतात, कारण मोकळ्या मैदानावर सीमारेषा एक असते आणि येथे ती चारही बाजूंनी उभी असते. सामान्यतः कागदावर एक ओळ लिहिली जाते: ‘चेंडू जाळीला लागल्यास चौकार.’ ओळ सुटसुटीत दिसते, पण ती कोणत्याच खऱ्या प्रश्नाचे उत्तर देत नाही. फलंदाजाच्या मागच्या जाळीला बॅटची कड लागून चेंडू गेला तरी चौकार का? टप्पा पडून लागला काय आणि थेट लागला काय, सारखेच का? जाळीला लागून परतलेला चेंडू क्षेत्ररक्षकाने झेलला तर फलंदाज बाद का? बांबू म्हणजे जाळी का? आणि चेंडू जाळीला लागल्यावर खेळ थांबतो की चालू राहतो?

ऑस्ट्रेलियात १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धात जाळीच्या आत खेळायचे इनडोअर क्रिकेट रुजले, तेव्हा त्यांनी जाळीचे विभाग पाडून हा प्रश्न सोडवला. फलंदाजाच्या मागील जाळीला काही धाव नाही; बाजूच्या जाळीचा फलंदाजाकडील भाग एक धावेचा, गोलंदाजाच्या पलीकडील भाग दोन धावांचा; समोरच्या जाळीला टप्पा पडून लागल्यास चार, थेट लागल्यास सहा. शिवाय जाळीची धाव मिळण्यासाठी फलंदाजांनी निदान एक धाव पळून पूर्ण केली पाहिजे. विचार साधा आहे. सरळ बॅटने समोर मारणे अवघड, म्हणून त्याचे मोल जास्त. जवळच्या बाजूच्या जाळीवर चेंडू ढकलणे सोपे, म्हणून त्याचे मोल कमी.

हीच पद्धत ऐंशी फूट लांब आणि चाळीस फूट रुंद प्लॉटवर उतरवून पाहू. नेहमीची खेळपट्टी ६६ फुटांची असते. येथे ती ४५ फुटांची घ्यावी. फलंदाजाच्या यष्टी मागच्या जाळीपासून पंधरा फुटांवर रोवल्या, तर गोलंदाजाच्या यष्टींपलीकडे वीस फूट उरतात. गोलंदाजाच्या यष्टींच्या सरळ रेषेत दोन्ही बाजूंच्या जाळ्यांवर लाल कापडाची एकेक पट्टी वरपासून खालपर्यंत बांधावी. पट्टीच्या अलीकडे एक धाव, पलीकडे दोन. पंचाला अंदाज करावा लागू नये म्हणून पट्टी हवी. खडूची खूण दुसऱ्या रात्री पुसलेली असते. त्यानंतर कलम असे लिहावे:

‘फटका मारलेला चेंडू ज्या जाळीला प्रथम लागेल, त्याच जाळीच्या धावा मिळतील. बांबू, दोर व पट्टी ही त्या बाजूच्या जाळीचाच भाग समजली जातील. बाजूच्या जाळीला लागलेला चेंडू खेळात राहील. जाळीच्या धावा पळून पूर्ण केलेल्या धावांव्यतिरिक्त मिळतील, मात्र त्यासाठी निदान एक धाव पळून पूर्ण झाली पाहिजे. समोरच्या जाळीला लागताच चेंडू मृत होईल आणि चार किंवा सहा धावा मिळतील. तेथे पळण्याची गरज नाही. कोणत्याही जाळीला लागलेल्या चेंडूवर झेल धरला जाणार नाही.’

या कलमाची परीक्षा एका चेंडूवर होते. समजा पहिल्या संघाच्या ५० धावा आहेत, दुसऱ्याच्या ४७ आणि शेवटचा चेंडू उरला आहे. फलंदाजाने फटका मारला. चेंडू बाजूच्या जाळीच्या लाल पट्टीपलीकडील बांबूवर आदळून खाली पडला. फलंदाजांनी एक धाव पूर्ण केली, दुसरीसाठी पळाले आणि त्यात एक जण धावचीत झाला. कागदावर ‘जाळीला लागल्यास चौकार’ एवढेच असेल तर फलंदाजी करणारा संघ म्हणेल, चार मिळाले, आम्ही ५१ वर जिंकलो. क्षेत्ररक्षण करणारा संघ म्हणेल, बांबू म्हणजे जाळी नव्हे, धाव एकच झाली, तुम्ही ४८ वर हरलात. दोघेही प्रामाणिकपणे बोलत असतील. वरील कलमाप्रमाणे बांबू हा जाळीचाच भाग, पट्टीपलीकडच्या दोन धावा, पळून पूर्ण झालेली एक, दुसरी धाव अपुरी. एकूण तीन, म्हणजे ५० आणि सामना बरोबरीत. एका चेंडूचे तीन निकाल निघू शकतात आणि त्यांतला कोणता खरा, हे बांबूबद्दलच्या पाच-सात शब्दांवर ठरते.

बांबूची ही काळजी क्षुल्लक वाटू नये. इंग्लंडमध्ये कँटरबरी येथील सेंट लॉरेन्स मैदानात सीमारेषेच्या आतच लाइम जातीचा एक मोठा वृक्ष उभा होता. त्याला चेंडू लागला की चार धावा, मग तो फांदीला लागो वा खोडाला, असा तेथील स्थानिक नियम होता. झाड नसते तर तो षटकार ठरला असता, हा युक्तिवाद तेथे चालत नसे. जानेवारी २००५ मध्ये वादळी वाऱ्यात तो वृक्ष पडेपर्यंत कौंटी क्रिकेट त्याला धरून खेळले गेले. मेरिलबोन क्रिकेट क्लबच्या नियमांतही मैदानातील अडथळा आपोआप सीमारेषा ठरत नाही. तो ठरवायचा तर नाणेफेकीपूर्वी पंचांनी ठरवावा लागतो. वालूरच्या प्लॉटवर लिंबाची फांदी आत आलेली असेल, विजेचा खांब असेल, शेजाऱ्याची भिंतच एका बाजूची जाळी असेल. त्या प्रत्येकाचे नाव कागदावर आले पाहिजे. चेंडू जाळीवरून शेजारच्या अंगणात गेल्यास फलंदाज बाद, हा गल्लीतला रूढ नियम शेजाऱ्यांच्या दृष्टीने शहाणपणाचा आहे. तो ठेवावा आणि काच फुटल्यास भरपाई स्पर्धेच्या खर्चातून होईल असेही सोबत लिहावे. फटका मारणाऱ्या मुलाच्या घरी काचेचे बिल नेऊन देणे बरे दिसत नाही.

बरोबरीत सुटलेल्या सामन्याचा निकाल कसा लावायचा, हे कलम सर्वांत शेवटी सुचते, म्हणून बहुधा राहून जाते. १४ जुलै २०१९ रोजी लॉर्ड्सवर विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात इंग्लंड आणि न्यूझीलंड दोघांच्याही २४१ धावा झाल्या. जादा षटकातही दोघांच्या पंधरा-पंधरा. अखेर ज्याचे चौकार-षटकार अधिक तो विजयी या नियमाने, २६ विरुद्ध १७ असा हिशेब होऊन इंग्लंडला चषक मिळाला. हा नियम जगभर अनेकांना रुचला नाही. तरीही निकाल टिकला, कारण नियम स्पर्धेपूर्वी लिहिलेला होता. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये तो बदलला गेला आणि निर्णायक सामन्यात बरोबरी सुटेपर्यंत जादा षटके खेळावीत असे ठरले. नियम वाईट असला तर तो पुढच्या स्पर्धेसाठी बदलावा, चालू स्पर्धेत नव्हे, याचे इतके ठळक उदाहरण दुसरे नाही. गल्लीत गटसामना बरोबरीत सुटल्यास दोघांना एकेक गुण द्यावा. उपांत्य व अंतिम सामन्यात एक जादा षटक आणि तेही बरोबरीत गेले तर आणखी एक.

तक्रारीच्या कलमात एक भेद स्पष्ट असावा. झेल जमिनीला टेकला की नाही, चेंडू पट्टीच्या कोणत्या बाजूला लागला, हे पाहण्याचे प्रश्न आहेत. त्यांवर पंचाचा शब्द अखेरचा. समितीकडे अपील नाही आणि प्रेक्षकाच्या मोबाइलवरील चित्रफीतही नाही, कारण ती एकाच कोनातून आणि बहुधा एकाच संघाच्या बाजूने घेतलेली असते. यादीबाहेरचा खेळाडू खेळला का, एकाने दोन षटके टाकली का, बांबूच्या धावा बरोबर दिल्या का, हे नियम लावण्याचे प्रश्न आहेत. ते समितीकडे जाऊ शकतात. हा भेद केला नाही तर समितीला रोज रात्री अकरा वाजता झेल पुन्हा पाहत बसावे लागते, आणि तो कोणालाच दिसत नाही.

कालमर्यादाही हवी. मोठ्या क्रिकेटमध्ये बादचे अपील पुढच्या चेंडूसाठी गोलंदाजाने धाव घेण्यापूर्वीच करावे लागते. त्यानंतर ते ऐकले जात नाही. त्याच धर्तीवर, मैदानावर फक्त कर्णधाराने पंचाशी बोलावे, आणि नियमाबाबतची तक्रार सामना संपल्यापासून पंधरा मिनिटांत, लेखी, दोनशे रुपये अनामत ठेवून द्यावी. तक्रार ग्राह्य ठरल्यास अनामत परत, अन्यथा ती स्पर्धेच्या खात्यात जमा. समिती तिघांची असावी आणि ज्या सदस्याच्या घरचा मुलगा त्या सामन्यात खेळला, त्याने त्या तक्रारीपुरते बाजूला व्हावे. म्हणून चौथे नाव राखीव म्हणून आधीच लिहून ठेवावे. लहान गावात हे टाळता येत नाही, कारण तिघांपैकी एकाचा तरी पुतण्या मैदानात असतोच. पंचही त्या वेळी न खेळणाऱ्या संघांनी पाळीपाळीने द्यावेत आणि कोणाची पाळी केव्हा, हे वेळापत्रकातच छापावे.

प्रवेशशुल्काचा आकडा शेजारच्या गावाने किती घेतले यावरून ठरवू नये. आधी खर्च मांडावा. उदाहरणादाखल आकडे घ्यायचे तर जाळी व बांबू ३००० रुपये, दिवे २५००, चषक २४००, पाणी व प्रथमोपचार १०००, आकस्मिक १०००. हे संघ किती आले यावर अवलंबून नाही. चेंडू मात्र सामन्यांवर अवलंबून आहेत. दर सामन्याला दोन, सत्तर रुपयांप्रमाणे, पंधरा सामन्यांना २१०० रुपये. एकूण १२,००० रुपये, आठ संघांत १५०० प्रत्येकी, म्हणजे माणशी २५०. येथवर सारे सरळ आहे. पण एक संघ आयत्या वेळी आला नाही तर? सात संघांत एका गटाचे तीनच सामने होतात; एकूण सामने बारा, चेंडूंचे १६८०, एकूण खर्च ११,५८० आणि जमा १०,५००. तूट १०८० रुपयांची. आकस्मिक रक्कम शाबूत असेल तर तूट जवळजवळ भरून निघते. सहा संघ आले तर सामने नऊच, खर्च ११,१६० आणि जमा ९०००. आता तूट २१६० रुपये होते आणि ती कोणाच्या तरी खिशातून जाते. व्यापारी घरातील वाचकांना यातले मर्म सांगायला नको: संघ कमी झाल्याने खर्च फारसा कमी होत नाही, जमा मात्र पुरती कमी होते. म्हणून कागदावर दोन गोष्टी याव्यात. किमान सात संघांचे शुल्क सोडतीपूर्वी जमा झाले नाही तर स्पर्धा होणार नाही आणि घेतलेले शुल्क पूर्ण परत मिळेल. आणि सोडत निघाल्यानंतर माघार घेणाऱ्या संघाला शुल्क परत मिळणार नाही, कारण त्याच्या भरवशावर जाळी आणि दिवे ठरलेले असतात.

तक्रारीची अनामत शुल्काच्या रकमेत मिसळू नये. ती जमा नव्हे, देणे आहे. वहीत तिचे पान वेगळे ठेवावे. प्रत्येक शुल्काची पावती द्यावी, रोख असो वा मोबाइलवरून आलेले. चषक देणाऱ्या दुकानदाराचे नाव फलकावर जरूर लावावे, परंतु त्यामुळे त्याच्या संघाला सोडतीत सोयीची जागा मिळणार नाही, हे एक वाक्य आधी लिहिलेले असले तर नंतर कोणाला तोंडाने सांगावे लागत नाही. शिल्लक राहिल्यास ती संघांत समान वाटायची की पुढील वर्षासाठी स्वतःची जाळी घ्यायची, हेही शिल्लक किती ते कळण्यापूर्वी ठरवावे. रोख बक्षीस शक्यतो ठेवू नये. चषकासाठी होणारी तक्रार आणि पैशांसाठी होणारी तक्रार यांचा सूर वेगळा असतो.

एवढे सगळे दोन पानांत मावते. तिसऱ्या पानावर प्लॉटचा आराखडा काढावा: यष्टी कोठे, पट्टी कोठे, झाड कोठे, कोणत्या जाळीला किती धावा. सोडतीच्या दिवशी आठही कर्णधारांना ते वाचून दाखवावे, शंका विचारू द्याव्यात, दुरुस्त्या तेथेच कराव्यात आणि मग तारखेसह सर्वांच्या सह्या घ्याव्यात. एक प्रत समितीकडे, एक गुणलेखकाच्या वहीत आणि एक प्लास्टिकच्या पिशवीत घालून प्रवेशद्वाराच्या बांबूला सुतळीने बांधलेली. शेवटच्या प्रतीचा आराखडा मोठ्या अक्षरांत काढावा, कारण तो रात्री दिव्याच्या पिवळ्या उजेडात, दहा जणांच्या खांद्यांवरून वाचला जाणार असतो.